कॅन्सरच्या पेशंटच्या पायात गुठळी: औषध कोणतं, किती, आणि मध्येच का बदलावं लागतं

केमो सुरू असलेल्या माणसाचा एकच पाय सुजला, तर घरात पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. "परेलला जाताना दोन तास पाय लोंबकळत ठेवून बसले म्हणून सुजला", "रक्त कमी आहे म्हणून", "मुरगळला असेल" असं म्हणत आठवडा जातो. कोणी तेल लावून पाय चोळतं, कोणी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतं. आतल्या शिरेत गुठळी असेल, म्हणजे डीव्हीटी असेल, तर चोळण्यातून तिचा तुकडा सुटण्याची भीती असते, आणि डायक्लोफेनॅकने पुढच्या उपचारात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

या लेखात एकाच प्रसंगाचा विचार केला आहे: कॅन्सरच्या पेशंटला पायाच्या मोठ्या शिरेत गुठळी झाली, तर गुठळीवरचं औषध कसं निवडायचं. त्यासाठी एक नमुना पेशंट घेऊ. नायगावला राहणाऱ्या ५६ वर्षांच्या काकू, वजन ५२ किलो. जठराचा कॅन्सर, गाठ अजून काढलेली नाही. दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि मधले चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, आणि त्यानंतर ऑपरेशन, असं ठरलेलं आहे. दुसऱ्या केमोनंतर सोळाव्या दिवशी डावा पाय मांडीपर्यंत सुजला. हिमोग्लोबिन ८.९, प्लेटलेट ३ लाख ८० हजार, पांढऱ्या पेशी ९ हजार, क्रिएटिनिन ०.८.

गाठ पोटात, गुठळी पायात: असं का होतं

रक्त गोठवण्याची कळ टिश्यू फॅक्टर नावाच्या प्रथिनात असते. निरोगी शरीरात हे प्रथिन रक्तवाहिनीच्या बाहेर, भिंतीपलीकडच्या पेशींवर असतं, आणि आतून वाहणाऱ्या रक्ताचा त्याच्याशी संबंध येत नाही. विळीने बोट कापलं की भिंत तुटते, रक्त बाहेरच्या पेशींना भिडतं, रक्तातला सातवा घटक या प्रथिनाला चिकटतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. कापलं तिथेच रक्त थांबावं म्हणून केलेली ही व्यवस्था आहे.

कॅन्सरच्या बऱ्याच पेशी हेच प्रथिन आपल्या पृष्ठभागावर भरपूर प्रमाणात बाळगतात. शिवाय त्या आपल्या आवरणाचे सूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडत राहतात, आणि ते प्रथिन त्या बुडबुड्यांवर बसून शरीरभर फिरतं. म्हणजे कुठेही जखम नसताना "कापलं आहे" असा निरोप रक्ताला सतत मिळत राहतो. गाठ जठरात आणि गुठळी पायात, हे कोडं इथेच सुटतं. पायाच्या शिरांत रक्त आधीच संथ वाहतं, त्यामुळे निरोपाचा परिणाम तिथे आधी दिसतो. डाव्या पायात तो जास्त दिसतो, कारण डाव्या बाजूची मोठी शीर ओटीपोटात उजव्या धमनीखालून जाते आणि थोडी दबलेली असते.

जठर आणि स्वादुपिंड यांच्या कॅन्सरमध्ये धोका सर्वांत वर असतो. या गाठींतल्या ग्रंथीपेशी श्लेष्मा तयार करतात, आणि त्या श्लेष्मातली प्रथिनं प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींना एकमेकींना चिकटवतात. गाठीमुळे चिडलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्याच डीएनएचे धागे बाहेर फेकतात, आणि त्या जाळ्यात रक्ताचे कण अडकतात. मेंदूच्या काही गाठींवर पोडोप्लॅनिन हे प्रथिन असतं, ते प्लेटलेटना थेट जागं करतं. म्हणून सगळ्या कॅन्सरांत धोका सारखा नसतो. स्तनाच्या सुरुवातीच्या गाठीत तो कमी असतो.

त्यावर उपचारांची भर पडते. सिसप्लॅटिन शिरांच्या आतल्या अस्तराला इजा करतं. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये लेनालिडोमाइड किंवा थॅलिडोमाइड डेक्सामेथासोनबरोबर दिलं की धोका इतका वाढतो की गुठळी टाळण्याचं औषध सोबतच सुरू करतात. टॅमॉक्सिफेन, केमोसाठी शिरेत बसवलेली हातातली पिक लाइन किंवा छातीतला पोर्ट, मोठं ऑपरेशन आणि अंथरुणाला खिळणं ही बाकीची कारणं. कॅन्सर नसलेल्या माणसाच्या तुलनेत धोका सर्वसाधारणपणे चार ते सात पट मानला जातो. हे नातं पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये व्याख्यानात मांडलं. दोन वर्षांनी ते स्वतः पोटाच्या कॅन्सरने गेले, आणि शेवटच्या महिन्यांत त्यांच्या शिरेतही गुठळी होती.

काकूंचा धोका केमोच्या आधी मोजता आला असता. त्यासाठी खोराना स्कोअर आहे: जठर किंवा स्वादुपिंडाला २ गुण, फुप्फुस, लिंफोमा, स्त्रीजननेंद्रियं, मूत्राशय किंवा वृषण यांना १, आणि प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त, हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर, बीएमआय ३५ किंवा जास्त, यांतल्या प्रत्येकाला १. केमोपूर्वीचे आकडे आजच्यासारखेच होते असं धरलं तर काकूंचे ४ गुण होतात, आणि ३ पासून पुढे धोका जास्त समजतात. तरीही त्यांना प्रतिबंधक गोळी दिली नव्हती, आणि ती चूक म्हणता येणार नाही. गाठ जठरातच आहे आणि रक्त कमी आहे, त्यामुळे गोळीने तीच गाठ वाहण्याची शक्यता होती. स्कोअर गुठळीचा धोका सांगतो, रक्तस्रावाचा सांगत नाही.

आधी खात्री: डॉपलर, डी-डायमर नाही

सूज आल्या दिवशीच दोन्ही पोटऱ्या शिवणाच्या टेपने मोजाव्यात. गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा धरून त्याच्या दहा सेंटिमीटर खाली माप घ्यायचं. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे कलर डॉपलर, करावं. फरक कमी असला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण गुठळी मांडीत किंवा ओटीपोटात असू शकते. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असण्याचं कारण जास्त संभवतं, पण डॉक्टरांना दाखवावं.

गुठळी तुटताना रक्तात येणारे अंश मोजणाऱ्या डी-डायमर या तपासणीचा इथे फारसा उपयोग नाही. गुठळी नसतानाही कॅन्सरमुळे ती वाढलेली येते, त्यामुळे ती वाढलेली आली तर काहीच कळत नाही. डॉपलरमध्ये मशीनचा प्रोब शिरेवर दाबतात. निरोगी शीर दाबली की चपटी होते, गुठळी असलेली शीर होत नाही. काकूंच्या रिपोर्टमध्ये मांडीच्या मुख्य शिरेपासून वर ओटीपोटातल्या शिरेपर्यंत गुठळी दिसते. ही मोठी गुठळी आहे आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाण्याची भीती जास्त आहे. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीतून रक्त किंवा चक्कर येऊन पडणं, यांतलं काहीही झालं तर डॉपलरच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं.

डॉपलर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी होणार असेल, संशय पक्का असेल आणि कुठून रक्त जात नसेल, तर गुठळी वाढू न देणाऱ्या हेपरिनचं पहिलं इंजेक्शन आधीच देतात. एका इंजेक्शनने फारसं बिघडत नाही. वाट पाहण्यात मात्र गुठळी वर सरकू शकते. आणखी एक गोष्ट. छातीचं सीटी गाठीसाठी काढलं आणि त्यात योगायोगाने फुप्फुसात गुठळी दिसली, तर त्रास नाही म्हणून ती सोडून द्यायची नसते. तिच्यावरही हाच उपचार करतात.

निवडीचे प्रश्न, याच क्रमाने

"रक्त पातळ करायची गोळी" हा शब्द रुळला आहे, पण ही औषधं रक्त पातळ करत नाहीत आणि गुठळी विरघळवतही नाहीत. ती गुठळीला वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर पुढच्या आठवड्यांत आपलं आपण करतं. म्हणून औषध सुरू झाल्यावरही सूज तीन-चार आठवडे राहू शकते, आणि त्यावरून औषध लागू पडत नाही असं समजू नये.

आज निवड मुख्यतः दोन वर्गांत असते. एक, पोटाच्या कातडीत घ्यायचं कमी रेणुभाराचं हेपरिन, ज्यात आपल्याकडे एनॉक्सापॅरिन सर्रास वापरतात. दुसरा वर्ग, थेट तोंडाने घ्यायच्या गोळ्या: अॅपिक्सॅबान, रिव्हारोक्सॅबान, एडोक्सॅबान.

जुनी वॉर्फरिन इथे का मागे पडली ते आधी पाहू, कारण ती स्वस्त आहे म्हणून अजून सुचवली जाते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लॉट चाचणीत कॅन्सरच्या पेशंटांना एका गटात डाल्टेपॅरिन हे हेपरिन आणि दुसऱ्या गटात वॉर्फरिनसारखी गोळी दिली. सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण वॉर्फरिनच्या गटात १७ टक्के आणि हेपरिनच्या गटात ९ टक्के होतं. जेवण कमी-जास्त झालं, उलट्या झाल्या, अँटिबायोटिक घेतलं की वॉर्फरिनचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, हलतो. काकूंच्या बाबतीत आणखी एक मोठी अडचण आहे: कॅपेसिटाबिन वॉर्फरिनचा निचरा रोखतं, त्यामुळे आयएनआर काही दिवसांत किंवा आठवड्यांत धोकादायक वर जाऊ शकतो. कॅपेसिटाबिन सुरू असताना वॉर्फरिन टाळावं, हे घरच्यांनाही माहीत असावं.

पहिला प्रश्न, गाठ रक्तस्राव करण्याच्या जागी आहे का. अन्ननलिका, जठर, आतडं किंवा मूत्राशयाच्या आतल्या पृष्ठभागावर गाठ असेल आणि ती काढलेली नसेल, तर गोळीचा बराचसा अंश थेट तिच्यावरून जातो. रिव्हारोक्सॅबान आणि एडोक्सॅबान यांच्या २०१८ च्या चाचण्यांत हेपरिनपेक्षा रक्तस्राव जास्त झाला, आणि तो मुख्यतः पचनमार्गाच्या कॅन्सरमध्ये झाला. अॅपिक्सॅबानच्या २०२० च्या कॅराव्हाजिओ चाचणीत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण गोळीत ३.८ आणि डाल्टेपॅरिनमध्ये ४ टक्के, म्हणजे जवळपास सारखं होतं. पुन्हा गुठळी गोळीत ५.६ आणि हेपरिनमध्ये ७.९ टक्के. पण न काढलेली जठराची गाठ असलेले पेशंट त्यात थोडे होते, म्हणून हा दिलासा काकूंना पूर्ण लावता येत नाही. त्यांच्यासाठी सुरुवात इंजेक्शननेच करणं शहाणपणाचं. स्तन, फुप्फुस किंवा अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये, बाकी अडचण नसेल तर, गोळी पहिल्या पसंतीला येते.

दुसरा प्रश्न, किडनी. नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नये. वय आणि वजन धरून हिशेब करावा:

```
(140 - वय) × वजन / (72 × क्रिएटिनिन)
स्त्रियांसाठी उत्तर × 0.85
```

काकूंचा हिशेब: (१४० − ५६) × ५२ = ४३६८. त्याला ५७.६ ने भागलं की ७५.८, आणि ०.८५ ने गुणलं की साधारण ६४. किडनी ठीक आहे, पूर्ण डोस चालेल. हाच आकडा ३० खाली असेल तर एनॉक्सापॅरिन शरीरात साठतं. डोस दिवसातून एकदाच देतात किंवा हॉस्पिटलमध्ये सलाइनमधून साधं हेपरिन चालवतात. बारीक, वयस्क बाईचं क्रिएटिनिन १ आलं की "नॉर्मल" छापलेलं दिसतं. ४० किलो वजन आणि ७५ वय असेल तर हिशेब ३१ निघतो, म्हणजे सीमारेषा.

तिसरा प्रश्न, गोळी पोटात जाईल आणि शोषली जाईल का. रिव्हारोक्सॅबानच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या भरल्या पोटीच नीट शोषल्या जातात. उपाशीपोटी घेतल्या तर औषध कमी मिळतं. केमोनंतर चार दिवस फक्त पेजेवर असलेल्या माणसासाठी ही मोठी त्रुटी आहे. अॅपिक्सॅबानला जेवणाची अट नाही. जेजुनॉस्टॉमीच्या नळीने, म्हणजे थेट आतड्यात, औषध द्यायचं असेल तर दोन्ही गोळ्यांचं शोषण कमी होतं. तिथे इंजेक्शनच हवं.

चौथा प्रश्न आपल्या शहरात विसरता येणार नाही: इतर औषधं. टीबीसाठीचं रिफाम्पिसिन यकृतातली विघटन यंत्रणा इतकी वेगवान करतं की अॅपिक्सॅबान, रिव्हारोक्सॅबान वगैरेंचं रक्तातलं प्रमाण खूप घसरतं. पेशंट गोळी वेळेवर घेत राहतो आणि गुठळी तरी वाढते. फिट्सवरची फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, प्रोस्टेटसाठीचं एन्झाल्युटामाइड यांचंही तसंच. उलट बाजूला आयट्राकोनाझोल, पोसाकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन गोळीचं प्रमाण वाढवतात. हेपरिनच्या इंजेक्शनचा यातल्या कशाशीही संबंध येत नाही. म्हणून टीबी आणि कॅन्सर दोन्ही असलेल्याला इंजेक्शनवरच ठेवणं सुरक्षित. तपासणीला जाताना डॉट्सची औषधं, आयुर्वेदिक चूर्णं, झोपेच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून न्यावं. नावं लिहून आणलेल्या कागदात कायम काहीतरी राहतं.

पाचवा प्रश्न, हे औषध घरी रोज घेता येईल का. इंजेक्शन महाग पडतं आणि दिवसातून दोनदा टोचावं लागतं. विदर्भातून येऊन दादरच्या धर्मशाळेत राहिलेल्या कुटुंबाला ते सहा महिने निभेल का, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारावं. परवडत नाही म्हणून गुपचूप एकच वेळ घेणं हे गोळीच्या जोखमीपेक्षा वाईट. ज्याच्या गाठीला गोळी चालणारी आहे त्याला त्याच कारणाने लवकर गोळीवर आणावं.

काकूंचा डोस, आणि टोचण्याची पद्धत

एनॉक्सापॅरिन दर बारा तासांनी किलोमागे १ मिलिग्रॅम. ५२ किलोला ५२, म्हणजे ५० मिलिग्रॅम. बाजारात ४०, ६०, ८० च्या भरलेल्या सिरिंज मिळतात. ६० मिलिग्रॅमची, खुणा छापलेली सिरिंज घ्यायची, तिच्यात ०.६ मिलिलिटर असतं. सुई खाली धरून ०.१ मिलिलिटर बाहेर टाकायचं, ०.५ उरतं. डोस पूर्ण सिरिंजचा असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नये. तो काढायच्या नादात औषधाचे थेंब वाया जातात.

बेंबीपासून दोन इंच दूर, पोटाच्या बाजूला, बसून किंवा पडून. कातडीची घडी दोन बोटांत धरायची, सुई सरळ आत घालायची, घडी न सोडता हळूहळू दाबायचं, मग सुई काढून घडी सोडायची. नंतर चोळायचं नाही. चोळलं की मोठा निळा डाग पडतो, आणि लोक औषध बाधलं म्हणून घाबरतात. सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे. वेळ सकाळी ८ आणि रात्री ८ ठरवली की चुकत नाही. औषध २५ अंशांखाली ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते फ्रिजच्या दारात ठेवावं, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात आणि हॉस्पिटलला परत कराव्यात.

औषध सुरू झालं की काकूंना दिवसभर झोपवून ठेवू नये. त्यांना घरात चालायला लावावं, बसल्यावर पाय उंच ठेवायला सांगावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद.

गोळीवर आलेल्यांसाठी डोस असा: अॅपिक्सॅबान पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नंतर ५ मिलिग्रॅम दोनदा. रिव्हारोक्सॅबान पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा, नंतर २० मिलिग्रॅम एकदा, जेवणाबरोबर. चूक हमखास आठव्या किंवा बाविसाव्या दिवशी होते. जुन्या कागदावरूनच औषध आणलं जातं आणि मोठा डोस महिनाभर चालू राहतो. डोस बदलायची तारीख स्ट्रिपवर पेनने लिहून ठेवावी.

मध्येच प्लेटलेट उतरतात तेव्हा

गुठळीनंतर चाळीसाव्या दिवशी, चौथ्या केमोनंतर, काकूंच्या प्लेटलेट ३८ हजार येतात. आता काय?

५० हजारांच्या वर पूर्ण डोस चालतो. २५ ते ५० हजारांमध्ये डोस निम्मा करतात किंवा प्रतिबंधक डोसवर येतात. २५ हजारांखाली बहुधा थांबवतात. काकूंना या काळात एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पूर्ण सिरिंज. दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचं, आणि ५० हजार ओलांडले की त्याच दिवशी ५० मिलिग्रॅम दोनदा परत सुरू करायचं. हा परतीचा टप्पा सर्वांत जास्त विसरला जातो. कमी डोसचा कागद फाइलमध्ये वर राहतो, महिना उलटतो, आणि पाय पुन्हा सुजतो. डोस कमी करतानाच "पुन्हा वाढवायचा निकष" त्याच कागदावर लिहून घ्यावा.

हेच चाळीसाव्या दिवसाऐवजी बाराव्या दिवशी झालं असतं तर उत्तर वेगळं होतं. पहिला महिना गुठळी पुन्हा वाढण्यासाठी सर्वांत धोक्याचा, आणि ही गुठळी ओटीपोटापर्यंत गेलेली. तेव्हा प्लेटलेट चढवून त्या ४०-५० हजारांवर राखायच्या आणि पूर्ण डोस चालू ठेवायचा, असा प्रयत्न होतो. प्लेटलेट चढवूनही टिकत नसतील किंवा रक्तस्राव सुरू असेल, तरच पोटाच्या मोठ्या शिरेत फिल्टर बसवण्याचा विचार करतात. फिल्टर गुठळीवर उपचार करत नाही, तिचा तुकडा वर जाताना अडवतो. गरज संपली की तो काढायचा असतो, आणि त्यासाठीची तारीख बसवण्याच्या दिवशीच घ्यावी.

आणखी एक शक्यता डोळ्यांआड होऊ नये. हेपरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या, आणि पांढऱ्या पेशी जागच्या जागी असतील, तर दोष केमोचा नसून हेपरिनचा असू शकतो. या विकारात प्लेटलेट कमी असूनही नव्या गुठळ्या होतात. तेव्हा हेपरिन लगेच थांबवून वेगळं औषध देतात. केमोने पडणाऱ्या प्लेटलेटबरोबर बहुधा पांढऱ्या पेशीही पडतात. एकच ओळ वाचू नये, पूर्ण सीबीसी वाचावी.

रक्तस्रावाची खूण घरात ओळखायची तर शौचाकडे पाहावं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते घट्ट आणि हिरवट काळं असतं. गाठीतून रक्त गेलं तर ते डांबरासारखं चिकट, चकचकीत असतं आणि त्याचा वास उग्र येतो. असं दिसलं तर पुढचं इंजेक्शन न देता हॉस्पिटल गाठावं.

ऑपरेशन, आणि त्यानंतर

गुठळीला अडीच महिने झाले, केमो संपली, जठर काढायचं आहे. पहिल्या महिन्यात ऑपरेशन शक्यतो पुढे ढकलतात. तो काळ इथे उलटून गेला आहे. शेवटचा पूर्ण डोस ऑपरेशनच्या २४ तास आधी. म्हणजे मंगळवारी सकाळी ८ ला टेबलवर घ्यायचं असेल तर सोमवारी सकाळी ८ चं इंजेक्शन शेवटचं, रात्रीचं नाही. ते चुकून दिलं गेलं तर भूलतज्ज्ञांना सांगावं, कारण पाठीतली भूल त्यावर ठरते. ऑपरेशननंतर बारा ते चोवीस तासांत ४० मिलिग्रॅम एकदा, आणि ड्रेनमधलं रक्त आटलं, सर्जनची खात्री झाली की ४८ ते ७२ तासांनी पूर्ण डोस.

आता वजनाकडे पाहावं. जठर काढल्यावर काकू ४६ किलोवर आल्या तर डोस ५० राहत नाही, ४५ होतो. प्रत्येक भेटीत वजन करून डोस नव्याने लिहून घ्यावा.

गाठ गेली, मग गोळीवर येता येईल का? रक्तस्रावाची जागा गेली, ही जमेची बाजू. पण शोषणाची जागाही गेली. रिव्हारोक्सॅबान मुख्यतः जठरात आणि आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं, त्यामुळे जठर काढलेल्या पेशंटसाठी ते टाळलेलं बरं. अॅपिक्सॅबान त्या मानाने बरं, तरी आहार स्थिरावेपर्यंत आणि जुलाब थांबेपर्यंत इंजेक्शनच ठेवावं. साधारण सहा आठवड्यांनी काकू दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाऊ लागल्या, वजन थांबलं, की अॅपिक्सॅबान ५ मिलिग्रॅम दोनदा. पुढच्या इंजेक्शनच्या वेळी इंजेक्शनऐवजी पहिली गोळी, दोन्ही एकत्र नाहीत. सात दिवसांचा १० मिलिग्रॅमचा टप्पा इथे लागत नाही, कारण गुठळीचा ताजा काळ आधीच्या इंजेक्शनांनी निभावला आहे.

किती दिवस? निदान सहा महिने, आणि कॅन्सर शरीरात असेपर्यंत किंवा उपचार चालू असेपर्यंत पुढेही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एपीआय-कॅट चाचणीने या पुढच्या टप्प्याला दिशा दिली. सहा महिने पूर्ण झालेल्यांना अॅपिक्सॅबान २.५ मिलिग्रॅम दोनदा दिलं तर पुन्हा गुठळीचं प्रमाण ५ मिलिग्रॅमपेक्षा वाढलं नाही (२.१ आणि २.८ टक्के), आणि दखल घेण्याजोगा रक्तस्राव कमी झाला (१२.१ आणि १५.६ टक्के). काकूंची ऑपरेशननंतरची केमो अजून बाकी असेल तर सहा महिन्यांनी २.५ वर येण्याबद्दल विचारणं रास्त आहे. केमो संपून, तपासण्यांत गाठ नसल्याचं दिसून, त्या नीट हिंडू-फिरू लागल्या असतील, तर औषध थांबवण्याचाही निर्णय होऊ शकतो.

औषध चालू असताना गुठळी परत झाली तर लगेच औषधाला दोष देऊ नये. आधी स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, मग वजन आणि डोस जुळवून पाहावा, मग नवं औषध कोणी लिहून दिलं का ते विचारावं, आणि शीर बाहेरून दाबणारी गाठ आहे का हे सीटीत पाहावं. हे सगळं ठीक असेल तर गोळीवरच्याला इंजेक्शनवर आणतात, आणि जो आधीच इंजेक्शनवर आहे त्याचा डोस पाव पटीने वाढवतात: ४५ चे ५५ मिलिग्रॅम.